भाव चढल्यावर गुत्तं मोडायचं की मोजायचं?

सळईचा भाव उसळला की मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावात तेच भांडण सुरू होतं. अर्धवट उभ्या घरासमोर गुत्तेदार म्हणतो, "या रेटमध्ये परवडत नाही, वाढवून द्या, नाहीतर काम बंद." घरमालक म्हणतो, "बाँडवर सही केली होती ना? मग आता सोसा." पंच म्हणून बसलेली माणसंही याच दोन वाक्यांच्या मागे वाटली जातात आणि शेवटी मध्ये कुठेतरी आकडा पाडून उठतात. गुत्तेदाराने तीनशे मागितले, मालक शून्यावर अडला, दीडशेवर मिटलं. हे दीडशे कुठून आले, हे कुणीच सांगू शकत नाही. मला हा सगळा वादच चुकीच्या जागी चाललेला दिसतो. भाववाढ खरोखर अनपेक्षित असेल तर सही झालेल्या करारातही रकमेत बदल व्हावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तो बदल फक्त वाढलेल्या वस्तूपुरता, तिच्या उरलेल्या मापापुरता आणि बाजारातल्या नेहमीच्या चढउताराच्या वर जे गेलं तेवढ्यापुरता असावा. याहून एक रुपया जास्त मागणं अन्याय आहे, आणि एवढंही नाकारणं मालकाच्याच अंगाशी येतं.

आधी मालकाची बाजू, कारण ती दुबळी नाही. गुत्तेदार हा धंद्यातला माणूस आहे. जालन्याच्या रोलिंग मिलमधून आज कुठल्या भावाने माल निघतो हे त्याला रोज कळतं. घरमालक आयुष्यात एकदा घर बांधतो. दर ठरवताना जोखीम गुत्तेदाराने धरलेली असते, निदान धरायला हवी होती. शिवाय मालकाचा पैसा मोजका असतो. बँकेने कर्ज मंजूर केलं ते अंदाजपत्रकावर, आणि सळई महागली म्हणून बँक आपोआप रक्कम वाढवत नाही. कायदाही बहुतांशी त्याच्याच बाजूने आहे. भारतीय करार कायदा 1872 चा आहे. त्यातलं कलम 56 काम अशक्य झालं तर करार संपतो असं म्हणतं. काम तोट्याचं झालं तर संपतो असं म्हणत नाही. सैन्याला तूप पुरवण्याच्या एका करारात महायुद्धामुळे खर्च वाढला म्हणून जादा रक्कम मागण्यात आली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये ती नाकारली. 2017 मध्ये वीज कंपन्यांनी इंडोनेशियाचा कोळसा महागल्याचं कारण पुढे केलं, तेव्हाही न्यायालयाने परदेशी मालाच्या भाववाढीला अटळ आपत्ती मानलं नाही.

इथे बरेच जण थांबतात आणि "कोर्टानेच सांगितलंय" म्हणून विषय संपवतात. पण कोर्टाने सांगितलं ते एवढंच की एका बाजूच्या मागणीवरून न्यायाधीश करार नव्याने लिहून देणार नाहीत. दोघांनी मिळून तो बदलू नये असं कोणीही म्हटलेलं नाही. उलट त्याच कायद्याचं कलम 62 दोन्ही पक्षांच्या संमतीने करार बदलण्याची पूर्ण मोकळीक देतं. त्या तुपाच्या प्रकरणातही 1942 मध्ये दर एकदा परस्पर संमतीने बदलले गेलेच होते. वाद झाला तो त्यानंतरच्या मागणीवरून. तेव्हा कायदा आपल्याला उत्तर देत नाही, तो प्रश्न आपल्या हातात ठेवून बाजूला होतो. वाटाघाट करायची का, आणि केली तर किती द्यायचं, हे ठरवायला वेगळी मोजपट्टी लागते.

करायची का, याचं उत्तर मला साइटवर सापडतं. मालकाने तीन गुत्तेदारांकडून दर मागवले आणि सगळ्यात कमी दर देणाऱ्याला काम दिलं, हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र. ज्याने जोखमीसाठी दरात जागा ठेवली होती, तो त्याच दिवशी बाद झाला. मग निवडलेल्या माणसाने ती जागा धरायला हवी होती, हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटला तरी मालकाने स्वतःच तिला नकार दिलेला असतो. अशा गुत्तेदाराला "सोस" म्हटलं तर तो काय करतो? क्वचितच काम सोडून जातो. बहुधा काम चालू ठेवतो आणि तोटा भिंतीच्या आत भरून काढतो. नकाशात 12 मिलिमीटरची सळई असते तिथे 10 ची जाते. कॉलमच्या रिंगा सहा इंचांवर बांधायच्या तिथे नऊ इंचांवर येतात. दहा फुटांच्या कॉलमला 20-21 रिंगा लागतात, त्या 13-14 वर येतात. स्लॅबच्या मालात सिमेंट कमी पडतं आणि पाणी जास्त. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी परिसरात काय झालं हे पाहिलेल्या भागात रिंगांमधलं अंतर ही किरकोळ गोष्ट नाही. म्हणजे मालकाने वाढ नाकारली तरी ती तो देतोच, फक्त रुपयांऐवजी घराच्या ताकदीतून, आणि तीही न कळत.

आता गुत्तेदाराच्या मागणीकडे वळू, कारण खरी गडबड तिथे आहे. त्याची अडचण खरी असते, पण आकडा जवळजवळ कधीच खरा नसतो. एक उदाहरण पूर्ण मांडतो. समजा लातूरमध्ये 1,500 स्क्वेअर फुटांचं घर मटेरियलसह 1,800 रुपये स्क्वेअर फुटाने दिलं आहे, म्हणजे एकूण 27 लाख. करार झाला त्या दिवशी सळई 55 रुपये किलो होती, आज 75 झाली. गुत्तेदार म्हणतो, "लोखंड छत्तीस टक्क्यांनी चढलं, मी तर फक्त तीनशे रुपये वाढवून मागतोय, सोळा-सतरा टक्केच." ऐकताना तो सौजन्य दाखवतोय असं वाटतं. पण तीनशे रुपये म्हणजे या घरावर साडेचार लाख.

हिशेब करू. साध्या राहत्या घराला स्क्वेअर फुटामागे साधारण चार किलो सळई लागते. माती काळी आणि खोल असेल, पाया जड असेल तर थोडी जास्त. इथे एकूण 6,000 किलो धरू. जुन्या भावाने तिची किंमत 3,30,000 रुपये, म्हणजे सगळ्या कामाच्या बारा टक्क्यांच्या आसपास. किलोमागे 20 रुपयांची वाढ सगळ्या सहा टनांवर लावली तरी बोजा होतो 1,20,000 रुपयांचा, म्हणजे स्क्वेअर फुटाला ऐंशी रुपये. तीनशेतले दोनशेवीस रुपये इथेच हवेत विरले. छत्तीस टक्के हा सळईच्या भावाचा आकडा आहे, घराच्या खर्चाचा नाही, आणि नेमकी हीच गल्लत प्रत्येक बैठकीत होते.

पण ऐंशीही खरे नाहीत. भाव चढला तेव्हा पाया, प्लिंथ आणि तळमजल्याचे कॉलम झालेले होते. तिथपर्यंतची सळई जुन्या भावाने येऊन सिमेंटमध्ये गाडली गेली. ती 2,400 किलो धरा. उरली 3,600. तिच्यावर 20 रुपयांनी फरक होतो 72,000. आता शेवटची पायरी, आणि हीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाजारात पाच-दहा टक्के वरखाली होणं हा धंद्याचा भाग आहे, त्यासाठीच गुत्तेदार नफा घेतो. म्हणून पहिली दहा टक्के वाढ त्याची. 55 चे 60 रुपये 50 पैसे होईपर्यंत मालकाने एक पैसाही देऊ नये. त्यावरचे 14 रुपये 50 पैसे 3,600 किलोंवर लावा: 52,200 रुपये. सगळ्या घरावर पसरले तर स्क्वेअर फुटाला पस्तीसच्या आत. साडेचार लाख आणि बावन्न हजार यांच्या मधला आकडा काढून मिटवणं हा न्याय कसा?

दहाच टक्के का, पाच किंवा पंधरा का नाहीत, असं कोणी विचारेल. या आकड्यामागे शास्त्र नाही, हे मान्य. लहान कामात पाच ठेवले तरी बिघडत नाही. पण काहीतरी उंबरठा हवाच, कारण तो नसेल तर करार करण्यात अर्थ उरत नाही. मग मजुरीवर काम देऊन माल मालकाने रोजच्या भावाने आणला तरी तेच. सरकारी बांधकामांच्या भाववाढ कलमातही असाच विचार दिसतो. तिथल्या सूत्राचा साचा साधारण असा असतो:

```
V = 0.85 × P × (K/100) × (I − I0)/I0
```

V म्हणजे भाववाढीपोटी द्यायची रक्कम, P म्हणजे त्या मुदतीत झालेल्या कामाची रक्कम, K म्हणजे त्यात त्या घटकाचा टक्का, आणि I0 व I म्हणजे निविदेच्या वेळचा आणि कामाच्या वेळचा निर्देशांक. 0.85 मुळे पंधरा टक्के भाग भाववाढीबाहेर राहतो. गावातल्या घराला एवढं सूत्र लागत नाही. मात्र त्यातल्या दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत: वाढ फक्त त्या मुदतीत झालेल्या कामावर मिळते, आणि I जर I0 पेक्षा खाली गेला तर V उणे येतं, म्हणजे गुत्तेदाराच्या बिलातून पैसे कापले जातात.

हा उणे भाग आपल्या बैठकांत कुणीच काढत नाही. 2022 च्या सुरुवातीला लोखंड भडकलं. 21 मे 2022 ला केंद्राने पोलादाच्या अनेक प्रकारांवर पंधरा टक्के निर्यात शुल्क जाहीर केलं आणि काही आठवड्यांत भाव उतरले. ते शुल्क नोव्हेंबरमध्ये मागे घेण्यात आलं. एप्रिलमध्ये ज्या मालकाने स्क्वेअर फुटाचा दरच वाढवून दिला, तो जुलैत स्वस्त सळईचे स्लॅब टाकतानाही महाग दरच मोजत राहिला. सिमेंटचंही तसंच. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. करापूर्वीची किंमत 280 रुपये धरली तर गोणीमागे 28 रुपये वाचले. सहाशे गोण्यांच्या घराला जवळजवळ सतरा हजार. ही रक्कम दहा टक्क्यांच्या उंबरठ्याखालची आहे, त्यामुळे माझ्या नियमाने ती गुत्तेदाराकडेच राहिली तरी तक्रार नाही. पण मग हाच उंबरठा त्याने चढत्या भावालाही मानायला नको का? म्हणून दर कधीच वाढवू नये. दर तोच ठेवावा आणि फरक वेगळ्या ओळीत, प्रत्येक स्लॅबच्या वेळी, त्या दिवसाच्या भावाने काढावा.

आता "अनपेक्षित" कशाला म्हणायचं? इथे मी गुत्तेदाराशी कडक आहे. पावसाळ्यात नदीपात्रातून वाळू निघत नाही. गोदावरीच्या घाटांचे लिलाव लांबले की ब्रासचा भाव कुठल्याकुठे जातो, आणि हे इतक्या वेळा झालंय की मराठवाड्यात काम करणाऱ्या माणसाने त्याला अचानक म्हणू नये. उन्हाळ्यात क्युअरिंगला पाणी टँकरने आणावं लागतं, दिवाळीनंतर मजूर ऊसतोडीला जातात, सणाला सेंट्रिंगवाले गावी जातात: हे सगळं दर देताना माहीत होतं. जे दरवर्षी येतं ते दरात असायला हवं. युद्ध, करातला मोठा बदल, चार-सहा महिन्यांत तिसऱ्या हिश्शाने चढलेली सळई, हे त्या यादीबाहेरचं. जुन्या काळी मक्त्याने गाव घेणाराही अस्मानी-सुलतानीची सूट मागत असे. पण पीक थोडं कमी आलं म्हणून सूट आणि दुष्काळ पडला म्हणून सूट, यात फरक होताच.

दुसरा प्रश्न वेळेचा. वरच्या उदाहरणात स्लॅब जानेवारीत पडायला हवा होता, भाव मार्चमध्ये चढला, आणि स्लॅब लांबला तो गुत्तेदाराची टोळी दुसऱ्या साइटवर गेली म्हणून, तर जानेवारीचाच भाव लागू. तेव्हा 52,200 मधून त्या स्लॅबची सळई वजा. उलट मालकाने हप्ता थकवला, किंवा मध्येच जिना हलवून नकाशा बदलला आणि त्यात महिने गेले, तर उंबरठाही उडाला; पूर्ण 20 रुपये मालकाचे. सळईसाठी म्हणून आगाऊ हप्ता घेतला आणि माल आणला नाही, तर त्या रकमेत जेवढे किलो आले असते त्यावर गुत्तेदाराला फरक मागता येत नाही. आणि फरकावर नफा लागत नाही. त्याचा नफा मूळ 1,800 मध्ये रुपयांत आहे, तो तसाच राहील. भाववाढ भरून द्यायची असते, ती कमाईचं साधन नाही.

कागदाशिवाय यातलं काहीच टिकत नाही. गुत्तेदाराने सळईचं जीएसटी बिल आणि काट्याची पावती दाखवावी. तोंडी भाव चालणार नाही. माप मालकालाही पडताळता येतं. सळईचं वजन तिच्या व्यासाच्या वर्गाला 162 ने भागून निघतं: 12 मिलिमीटरची सळई मीटरला 0.889 किलो, बारा मीटरचा नग 10.67 किलो. साइटवर उतरलेले नग मोजले तर 3,600 किलो म्हणजे किती माल हे डोळ्यांना कळतं. हिशेबातलं माप ओव्हरसिअरने केलेल्या बार बेंडिंग शेड्यूलवरून घ्यावं, गुत्तेदाराच्या अंदाजावरून नाही. मग दोघांच्या सह्यांची पुरवणी करावी: कुठली वस्तू, कुठला मूळ भाव, कुठल्या तारखेपासून, कुठल्या दुकानाचा किंवा मिलचा भाव प्रमाण, उतरला तर काय. आणि एक अट, जिच्यावर मी तडजोड करणार नाही: हिशेब होईपर्यंत काम चालू राहील. सेंट्रिंग लावून, सळई बांधून, पाऊस तोंडावर असताना काम बंद ठेवणं ही वाटाघाट नव्हे, अडवणूक आहे. तशा अडवणुकीतून घेतलेली सही कोर्टात उभी राहीलच असं गुत्तेदारानेही धरू नये.

ही अट माझ्या डोक्यातून आलेली नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या कोळसाखाणींचा मोठा भाग जर्मनांच्या ताब्यात गेला आणि बोर्दो शहराला गॅस पुरवणारी कंपनी अडचणीत आली. 1916 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की कंपनीने पुरवठा बंद करायचा नाही, पण न भूतो असा जादा बोजा शहराने वाटून घ्यायचा, आणि त्यातला काही भाग कंपनीनेही सोसायचा. काम चालू, बोजा वाटून, पहिला घास कंपनीचा. शंभर वर्षांपूर्वीचा हा निवाडा आपल्या ओसरीवरच्या पंचांपेक्षा जास्त नेमका होता.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. सही झालेला करार एकदा उघडायला लागलो की उद्या कोणीही कुठलाही करार उघडेल. याला इतिहासाचा आधारही आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात चढलेला कापूस 1865 नंतर कोसळला, दख्खनचे शेतकरी कर्जात बुडाले, मे 1875 मध्ये सुप्याला दंगा पेटला, आणि 1879 च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या इंग्रजी जिल्ह्यांत कोर्टांना कर्जखताच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासण्याची मुभा दिली. मग सावकारांनी काय केलं? गहाणखताऐवजी खरेदीखतंच लिहून घ्यायला सुरुवात केली. मोकाट सूट मिळाली की समोरचा माणूस करारच असा करतो की सूट मागता येऊ नये. गुत्तेदारही तेच करतील: पुढच्या कामाला दर आधीच शंभर-दोनशेने फुगवतील. पण याच प्रदेशात दामदुपटीचा नियमही होता. एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलाहून जास्त होता कामा नये. मर्यादा आधीपासून माहीत होती आणि आकड्यात सांगता येत होती, म्हणून सावकारीही चालू राहिली. करार उघडण्याने धंदा बिघडत नाही. किती उघडणार हे माहीत नसण्याने बिघडतो. दहा टक्क्यांचा उंबरठा ही तशीच आधी सांगितलेली रेघ आहे.

कुणी म्हणेल, एवढा हिशेब कोण करत बसणार? तर सोपी वाट आहे आणि ती अनेक ठिकाणी वापरतातही. उरलेली सळई मालकाने स्वतः आणून द्यायची. 3,600 किलो 75 ने घेतली, 2,70,000 गेले. गुत्तेदाराच्या बिलातून 60 रुपये 50 पैशांनी 2,17,800 कापायचे. फरक तोच, 52,200. भाव उतरून 50 झाला तर मालक 1,80,000 ला घेतो. 55 ची दहा टक्के खालची रेघ 49 रुपये 50 पैसे, ती ओलांडलेली नाही, म्हणून 55 ने 1,98,000 कापायचे नाहीत, 50 नेच कापायचे आणि वाचलेले पैसे गुत्तेदाराचे. यात एक धोका आहे: माल मालकाचा झाला की बारबेंडर सळई बेफिकिरीने तोडतो आणि तुकड्यांचा ढीग पडतो. म्हणून तोडणीतली नासाडी तीन ते पाच टक्क्यांपर्यंत मालकाची, त्यावरची गुत्तेदाराची, हेही पुरवणीत लिहावं, आणि स्लॅब झाल्यावर उरलेले तुकडे काट्यावर घालावेत.